दुसरा पंप लावला तरी पाणी दुप्पट कां होत नाहीं?

रब्बीचा हंगाम तोंडावर आला म्हणजे एक प्रश्न आमच्याकडे हटकून येतो. पैनगंगेच्या किंवा वर्धेच्या कांठीं ज्यांची जमीन आहे, अथवा अडाण, अरुणावती, बेंबळा यांच्या पाण्यावर ज्यांचें ओलीत चालतें, असे शेतकरी विचारतात, "एका पंपाचें पाणी पुरत नाहीं. वीज ठरावीक तासच असते. तसाच दुसरा पंप आणून त्याच पाईपाला जोडला तर पाणी दुप्पट येईल ना?" प्रश्न सरळ आहे आणि त्याचें उत्तर होकारार्थी असावें असें कोणासही वाटेल. एका बैलजोडीनें एक पांभर चालते, दोन जोड्यांनीं दोन चालतात. मग पंपाचा हिशेब निराळा कां असावा? परंतु तो निराळा आहे. कित्येकांनीं पंप, मोटर, स्टार्टर आणि केबल यांत पैसा घातल्यावर त्यांना असें आढळून येतें कीं, दांडांत येणारें पाणी जेमतेम आठव्या हिश्शानें वाढलें. मग दोष पंपाला दिला जातो, विक्रेत्याला दिला जातो, विजेच्या दाबाला दिला जातो. खरें कारण मात्र जमिनीखालीं पुरलेल्या पाईपांत असतें. तें कारण काय, आणि पैसा खर्च करण्यापूर्वीं तें कसें ओळखावें, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विवेचन नुसतें शब्दांनीं केल्यास तें मनांत ठसत नाहीं. म्हणून एक उदाहरण घेऊं आणि शेवटपर्यंत त्याचाच हिशेब करूं. उमरखेड तालुक्यांत पैनगंगेच्या कांठीं पांच अश्वशक्तीचा एक पंप बसविला आहे असें समजा. डोहांतील पाण्याच्या पातळीपासून पंप ४ मीटर उंचावर आहे, आणि पंपापासून शेतांतील पाईपाचें तोंड आणखी १३॥ मीटर उंचावर आहे. म्हणजे पाणी एकंदर १७॥ मीटर चढवावयाचें आहे. पाईप प्लॅस्टिकचा, ७५ मिलिमीटरचा, म्हणजे ज्याला आपण अडीच इंची म्हणतों तो, ६ किलो दाबाचा आणि ६०० मीटर लांब आहे. या पंपाचें पाणी शेतांत दर सेकंदाला ५ लिटर पडतें. दोनशे लिटरची टांकी पाईपाच्या तोंडाखालीं ठेवली तर ती ४० सेकंदांत भरते. एका एकराला ५ सेंटिमीटर पाणी द्यावयाचें झाल्यास या हिशेबानें सव्वाअकरा तास लागतात. गव्हाची पाळी चुकूं नये म्हणून मालकाला हा वेळ निम्मा करावयाचा आहे.

आतां प्रथम पंपाचा स्वभाव पाहूं. आपल्याकडील बहुतेक पंप फिरत्या पंख्याचे, म्हणजे सेंट्रिफ्यूगल जातीचे असतात. जुन्या मोटेचें तसें नव्हतें. मोट एका खेपेला जितकें पाणी आणी तितकें ती विहीर खोल असो वा उथळ असो आणीच, फक्त बैलांना श्रम कमीजास्त पडत. सेंट्रिफ्यूगल पंपाचें पाणी मात्र त्याच्यासमोर असलेल्या अडथळ्यावर अवलंबून असतें. अडथळा थोडा असला तर तो पुष्कळ पाणी देतो. अडथळा वाढला कीं पाणी घटतें. आणि एका मर्यादेनंतर पंखा फिरत राहतो पण पाण्याचा थेंबही पुढें सरकत नाहीं. या अडथळ्याला पंपाचे व्यापारी 'हेड' म्हणतात आणि तें मीटरांत मोजतात. आपल्या उदाहरणांतील पंप दर सेकंदाला ८ लिटर पाणी देत असतां सुमारें २३ मीटर हेड पेलतो, ६ लिटर देत असतां ३१ मीटर, ५ लिटर देत असतां ३४॥ मीटर आणि ३ लिटर देत असतां ३९ मीटर. पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर हेड ४२ मीटर होतें आणि पाणी शून्य. हा ४२ चा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें सर्व हिशेब त्यावर येऊन ठेपतो.

दुसरी बाजू पाईपाची. पाईप पंपाकडे दोन गोष्टी मागतो. पहिली मागणी चढावाची, म्हणजे १७॥ मीटरची. पाणी थोडें जावो कीं फार जावो, ही मागणी बदलत नाहीं. दुसरी मागणी घर्षणाची. वाहतें पाणी पाईपाच्या आंतील बाजूला घांसतें आणि त्यांत पंपाची शक्ति खर्ची पडते. फ्रान्समधील डिजाँ शहराला पाणी आणणारे अभियंते हेन्री दार्सी यांनीं निरनिराळ्या पाईपांतून पाणी वाहवून केलेले प्रयोग १८५७ सालीं प्रसिद्ध केले, आणि तेव्हांपासून या खर्चाचा नियम ठाम झाला आहे. नियम असा कीं, पाणी दुप्पट झालें तर घर्षण दुप्पट होत नाहीं, तें जवळजवळ चौपट होतें. पाणी तिप्पट तर घर्षण सुमारें नऊपट. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पाईपांत वाढ याहून किंचित् कमी असते, पण शेताच्या हिशेबाला चौपटीचाच नियम धरावा. आपल्या ६०० मीटर पाईपांतून ५ लिटर पाणी जात असतां घर्षणापोटीं सुमारें १७ मीटर हेड लागतें. म्हणजे पाणी उंचावर नेण्यास जितकी शक्ति लागते, जवळजवळ तितकीच तें पाईपांतून पुढें सरकविण्यांत जाते.

पंप आणि पाईप यांची तडजोड जेथें जुळते तेवढेंच पाणी शेतांत येतें. ५ लिटरला पाईपाची मागणी १७॥ अधिक १७, म्हणजे ३४॥ मीटर. आणि ५ लिटर देतांना पंपही बरोबर ३४॥ मीटर पेलतो. म्हणून पाणी ५ लिटर. याहून अधिक जावयाचें म्हटलें तर पाईप अधिक हेड मागेल आणि पंप मात्र कमी पेलूं शकेल. तेव्हां तें शक्य नाहीं.

इतकें समजल्यावर दुसरा पंप जोडून पाहूं. जोडण्याच्या दोन रीती आहेत. पहिलींत दोन्ही पंप नदींतून आपापल्या फूटव्हॉल्व्हनें पाणी उचलतात आणि पुढें एकाच पाईपांत सोडतात. हिला समांतर जोडणी म्हणतात. दुसरींत पहिल्या पंपाचें पाणी दुसऱ्या पंपाच्या तोंडांत जातें आणि दुसरा तें आणखी दाब देऊन पुढें ढकलतो; ही एकसर जोडणी. समांतर जोडणींत दोन पंपांच्या पाण्याची बेरीज होते, हेड एकाचेंच राहतें. एकसर जोडणींत हेडची बेरीज होते, पाणी दोहोंतून तेंच जातें. ही बेरीज खरी आहे. परंतु ती पंपांपुरती आहे, पाईपाची तिला संमति असतेच असें नाहीं.

समांतर जोडणींत पाणी दुप्पट, म्हणजे १० लिटर झालें असें क्षणभर धरा. घर्षण चौपट झालें, म्हणजे १७ चें ६८ मीटर झालें. त्यांत चढावाचे १७॥ मिळविले तर पाईपाची मागणी ८५॥ मीटर झाली. आपले पंप तर ४२ मीटरांवर थबकतात, आणि समांतर जोडणींत हेड वाढत नाहीं हें वर सांगितलेंच आहे. तेव्हां १० लिटर होणें शक्य नाहीं. बरें, ६ लिटर धरून पहा. घर्षण सुमारें २४॥ मीटर, चढाव १७॥, एकूण ४२ मीटर. पण ४२ मीटरांवर कोणताही पंप थेंबभरसुद्धां पाणी देत नाहीं! याचा अर्थ असा कीं, या पाईपावर असे दोन पंप लावा, चार लावा कीं दहा लावा, शेतांत ६ लिटर कधींच पोंचणार नाहींत. सहा लिटर ही त्या पाईपाची भिंत आहे. पंप वाढविल्यानें आपण भिंतीच्या जवळ जातों, ती ओलांडीत नाहीं.

दोन पंपांचा नेमका हिशेब केला तर पाणी ५·७ लिटर येतें. त्या वेळीं हेड सुमारें ३९॥ मीटर होतें आणि त्या वाढलेल्या हेडावर प्रत्येक पंप २·८५ लिटरच देतो. म्हणजे जो पंप एकटा असतां ५ लिटर देत होता, तो जोडीदार मिळतांच तीनहून कमी देऊं लागला. टांकी ४० सेकंदांऐवजीं ३५ सेकंदांत भरेल. एकराला सव्वाअकरा तासांऐवजीं सुमारें दहा तास लागतील. विजेचा खर्च मात्र साधारण दीडपटीच्या घरांत जाईल, कारण पाणी कमी दिलें म्हणून मोटर त्याच मानानें वीज कमी घेत नाहीं. पाण्याची वाढ शेंकडा चौदा आणि विजेची शेंकडा पन्नास, असा हा व्यवहार आहे.

येथें एका मोठ्या चुकीविषयीं सांगणें अवश्य आहे. घरांत जुना, लहान पंप पडून असतो. तो नव्या पंपाच्या जोडीला लावला तर तेवढेंच पाणी वाढेल, असें समजून पुष्कळजण तो समांतर जोडतात. समजा हा जुना पंप तीन अश्वशक्तीचा असून व्हॉल्व्ह बंद असतां त्याचें हेड ३२ मीटरच आहे. पाईपांत तर मोठ्या पंपानें आधींच ३४॥ मीटरांचा दाब धरून ठेविलेला आहे. लहान पंप त्या दाबापुढें पाणी लोटूंच शकत नाहीं. त्याच्या तोंडाशीं उलट पाणी अडविणारा चेकव्हॉल्व्ह असला तर त्याची झडप मिटलेलीच राहते आणि पंपांतील तेंच पाणी आंतल्या आंत घुसळून तापतें. चेकव्हॉल्व्ह नसला तर त्याहून वाईट. मोठ्या पंपाचें पाणी लहान पंपांतून नदींत परत जातें, आणि शेतांत पूर्वींपेक्षांही कमी पोंचतें. हें ओळखण्याची खूण सोपी आहे. थोड्या वेळानें लहान पंपाच्या अंगाला हात लावून पहावा. नदीचें थंड पाणी ज्यांतून वाहतें तो पंप थंड राहतो. जो गरम लागेल तो काम करीत नाहीं असें खुशाल समजावें. अँपिअरमापकही तेंच सांगतो. अशा पंपाची मोटर नेहमींपेक्षां कमी अँपिअर घेते, आणि मालक तें विजेची बचत समजून समाधान मानतो! म्हणून समांतर जोडावयाचे पंप शक्य तितके एकाच हेडाचे असावेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र चेकव्हॉल्व्ह असावाच.

आतां एकसर जोडणी पाहूं. ज्या पाईपांत घर्षणच मुख्य अडचण आहे तेथें पाण्याची बेरीज करण्यापेक्षां हेडची बेरीज करणें अधिक उपयोगी, हें वरील विवेचनावरून कळेल. आपल्या उदाहरणांत दोन्ही पंप एकसर जोडले तर पाणी ७·२ लिटर येतें. एकूण हेड सुमारें ५३ मीटर होतें आणि त्यांतलें अर्धें अर्धें प्रत्येक पंप उचलतो. टांकी २८ सेकंदांत भरते. एकराला पावणेआठ तास पुरतात. तेच दोन पंप, तोच पाईप, पण समांतर जोडणीपेक्षां दीड लिटर पाणी अधिक. तरीही तें दुप्पट नाहीं, कारण ७·२ लिटरला घर्षणच ३५ मीटरांवर जातें. दुसऱ्या पंपाची बहुतेक सर्व शक्ति पाईप खाऊन टाकतो.

शिवाय एकसर जोडणीला धोका आहे, आणि तो पाईपाच्या जिवावरचा आहे. दाबाच्या घड्याळावर १ किलो म्हणजे १० मीटर हेड असा हिशेब असतो. दोन्ही पंप कांठावरच शेजारीं शेजारीं एकसर जोडले तर चालू असतां दुसऱ्या पंपाच्या पुढें दाब सुमारें ४·९ किलो राहील. ६ किलोचा पाईप तो सोसेल. ४ किलोचा असता तर त्यावर मर्यादेबाहेरचा ताण पडला असता. परंतु शेतांतील व्हॉल्व्ह कोणीं अजाणतां बंद केला, किंवा पाईपाचें तोंड गाळानें बुजलें, तर दोन पंपांचें बंद हेड ८४ मीटर; त्यांतून नदीपासून पंपापर्यंतचे ४ मीटर वजा जातां पाईपावर ८ किलोचा दाब येईल. तो ६ किलोच्या पाईपाला सोसणारा नाहीं. एकाएकीं वीज गेली म्हणजे चढावरील पाणी मागें धांवतें आणि चेकव्हॉल्व्हवर आदळतें; त्या आघातानें होणारा दाब याहूनही वेगळा. म्हणून एकसर जोडणी करणारानें पाईप किती किलोचा आहे तें त्यावरील छापा पाहून आधीं ठरवावें. दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर भिस्त ठेवूं नये.

यावर एक तोड अशी आहे कीं, दुसरा पंप कांठावर न ठेवतां पाईपाच्या वाटेवर ठेवावा. मात्र तो बरोबर मध्यावर ठेवण्याचा मोह टाळावा. आपल्या उदाहरणांत जमीन सारखी चढत जाते असें धरलें, तर ३०० मीटरवर पहिल्या पंपाचा दाब पूर्ण संपून उलट दोन मीटरांचें शोषण सुरू होतें. तेथें दुसरा पंप ठेवला तर तो पाईपांतून पाणी ओढूं लागेल, ढिल्या सांध्यांतून हवा घेईल, आणि पंख्यांत खडे खुळखुळावे तसा आवाज येईल. तो आवाज आला म्हणजे पंख्याचा धातु झिजूं लागला असें समजावें. तोच पंप २०० मीटरवर ठेवला तर त्याच्या तोंडाशीं सहा मीटरांचा दाब शिल्लक राहतो आणि त्याच्या पुढें चालू असतांना ३ किलोच्या आसपास दाब होतो. म्हणजे पाईपावरचा ताण बराच कमी होतो. सुरू करतांना मात्र आधीं नदीवरचा पंप सुरू करावा, दुसऱ्याच्या तोंडाशीं पाणी दाबानें आलें म्हणजे मगच तो सुरू करावा. पहिला बंद पडतांच दुसराही आपोआप बंद पडेल अशी स्टार्टरची योजना तारतंत्र्याकडून करून घ्यावी. ज्याला ही दक्षता घेणें शक्य नाहीं त्यानें एकसर जोडणीच्या भानगडींत पडूं नये.

मग दुप्पट पाणी मिळविण्याचा मार्गच नाहीं काय? आहे, परंतु तो पंपाच्या दुकानांतून जात नाहीं, पाईपाच्या चरांतून जातो. दुसरा पंप न आणतां आहे त्याच पंपाला, जुन्या पाईपाशेजारीं, तसाच ७५ मिलिमीटरचा दुसरा पाईप नदीपासून शेतापर्यंत टाकला असें समजा. पाणी दोन पाईपांत वांटलें गेलें, प्रत्येकांत निम्में झालें, आणि म्हणून घर्षण चौथाईवर आलें. या स्थितींत एकटा पंप ७·२ लिटर पाणी देतो. वाचकांनीं हा आंकडा ओळखला असेल. दोन पंप एकसर जोडून जितकें पाणी मिळत होतें, तितकेंच एका मोटरीवर मिळालें, आणि पाईपावरचा दाब वाढण्याऐवजीं कमी झाला. पुढें सवड होईल तेव्हां दुसरा पंप आणून प्रत्येक पंपाला आपापला पाईप दिला कीं दोन्ही मिळून १० लिटर देतील. खरें दुप्पट पाणी मिळतें तें येथें, कारण दुसऱ्या पंपाला पहिल्याच्या पाईपांत वाटा मागावा लागत नाहीं. तेव्हां मालकाचे सव्वाअकरा तास निम्मे होतील.

ज्यांचा पाईप जुना झाला असून बदलावयाचाच आहे, त्यांनीं एका ऐवजीं मोठा पाईप घालावा. पाईपाची रुंदी थोडी वाढली कीं घर्षण फार झपाट्यानें घटतें. ११० मिलिमीटरचा, म्हणजे चार इंची पाईप घातला तर ५ लिटरला १७ मीटर लागणारें घर्षण अडीच मीटरांवर येतें, आणि तोच एकटा पंप सुमारें ७·९ लिटर देतो. अशा पाईपावर दुसरा पंप समांतर जोडला तर पाणी १२ लिटरपर्यंत जातें; म्हणजे तेथें दुसऱ्या पंपाचें खरोखर चीज होतें. एक सावधगिरी मात्र ठेवावी. अडथळा कमी झाला म्हणजे पंप अधिक पाणी देतो आणि मोटरीवरचा बोजा वाढतो. म्हणून पाईप बदलल्यावर पहिल्या दिवशीं अँपिअरमापक पहावा. मोटरीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षां आंकडा वर गेल्यास पंपाजवळचा व्हॉल्व्ह थोडा आवळून तो खालीं आणावा.

आतां आपल्या शेतावर कोणती स्थिति आहे हें कसें ठरवावें तें सांगतों. यास मोठें यंत्र नको. पंपाच्या पुढें, चेकव्हॉल्व्हच्या शेताकडील बाजूला बसविलेलें दाबाचें एक घड्याळ आणि दोनशे लिटरची टांकी एवढें पुरे. पाईप पाण्यानें पूर्ण भरला असतां पंप बंद करावा आणि घड्याळ पहावें. पाईपांत उभ्या राहिलेल्या पाण्याचा दाब तें दाखवील. आपल्या उदाहरणांत तो १·३५ किलो येईल, म्हणजे पंपापासून शेतापर्यंतचा चढाव १३॥ मीटर. ही चाचणी पाईपाचें तोंड हीच सर्वांत उंच जागा असेल तरच खरी मानावी, आणि कांटा खालीं सरकत असेल तर चेकव्हॉल्व्ह गळतो असें समजून तो आधीं दुरुस्त करावा. मग पंप सुरू करून पाणी स्थिर झाल्यावर पुन्हां घड्याळ पहावें. तें ३ किलो दाखवील. दोहोंतील फरक १·६५ किलो, म्हणजे साडेसोळा मीटर, हें पाईपांतील घर्षण होय. राहिलेलें अर्धा मीटर घर्षण नदीपासून पंपापर्यंतच्या तुकड्यांत असतें. तें या घड्याळावर दिसत नाहीं.

या दोन आंकड्यांवरून निकाल करतां येतो. चालू असतांना दाखविलेल्या दाबापैकीं अर्धा किंवा त्याहून अधिक दाब घर्षणाचा असेल, तर त्याच पाईपावर दुसरा पंप समांतर जोडणें म्हणजे पैसा नदींत टाकणें होय. तेथें पाईपच वाढविला पाहिजे. घर्षणाचा वांटा चौथाईहून कमी असेल, म्हणजे पाईप आंखूड व रुंद असून मुख्य काम चढावाचेंच असेल, तर सारख्या हेडाचा दुसरा पंप समांतर जोडल्यास पाणी चांगलें वाढेल, आणि घर्षण अगदींच नाममात्र असेल तेथें तें दुपटीच्या जवळही जाईल. ज्यांनीं दुसरा पंप आधींच जोडला आहे त्यांनीं एक पंप चालवून टांकी किती सेकंदांत भरते आणि घड्याळ काय दाखवितें तें लिहून ठेवावें, मग दोन्ही चालवून पुन्हां पहावें. घड्याळाचा कांटा ३ वरून ३॥ वर चढला आणि टांकीची वेळ ४० वरून ३५ वरच आली, तर दुसऱ्या पंपाची शक्ति पाण्यांत न जातां दाबांत जात आहे हें त्याच वेळीं प्रत्यक्ष दिसेल.

शेवटीं विहिरीवर ओलीत करणारांना दोन शब्द. वरील सर्व हिशेबांत नदींत पाणी भरपूर आहे असें आम्हीं धरलें आहे. आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक विहिरी काळ्या पाषाणांत खोदलेल्या असून त्यांना पाणी मुरमाच्या थरांतून आणि खडकाच्या भेगांतून झिरपत येतें. तें झिरपण्याचा वेग पंपाला विचारीत नाहीं. विहिरींत तासाला जितकें पाणी येतें त्याहून अधिक उपसूं लागलें कीं पातळी खालीं जाते, चढाव वाढतो, आणि पंपाचें पाणी आपोआप कमी होतें. अखेर फूटव्हॉल्व्ह उघडा पडून पंप हवा घेतो. अशा विहिरीवर दुसरा पंप लावून दिवसाचें पाणी वाढत नाहीं, तें फक्त लौकर संपतें. म्हणून विहिरीच्या मालकानें घड्याळ आणि टांकी यांच्या आधीं तिसरी एक गोष्ट मोजावी. उपसा थांबविल्यावर एका तासांत पाणी किती हात वर चढतें तें दोरी टाकून पहावें. तो आंकडा जर एका पंपालाच पुरत नसेल, तर दुसऱ्या पंपाची चौकशी तेथेंच थांबवावी.